दोन संख्यांच्या मध्ये पूर्ण वर्ग किती? मूळ काढा, शेपूट छाटा, वजा करा

‘पाच अंकी पूर्ण वर्ग संख्या एकूण किती?’ हा प्रश्न फळ्यावर लिहिला की मुलांची दोन टोळकी पडतात. पहिले टोळके १०० चा वर्ग १०,०००, १०१ चा १०,२०१, १०२ चा १०,४०४ अशी यादी करायला बसते आणि पंधराव्या ओळीला कंटाळते. दुसरे टोळके हुशार असते. ते दोन्ही टोकांची वर्गमुळे काढते, वजाबाकी करते आणि २१६ असे उत्तर देते. बरोबर उत्तर २१७ आहे. पद्धत बरोबर, बेरीज-वजाबाकी बरोबर आणि तरी उत्तर एकाने हुकलेले, असे या प्रकारच्या गणितात फार वेळा होते. ते एक नेमके कुठे सांडते, हे कळले की बाकी सगळे सोपे आहे.

## वर्ग मोजू नका, मुळे मोजा

१, ४, ९, १६, २५… या रांगेत प्रत्येक संख्येमागे तिचे मूळ उभे असते: १, २, ३, ४, ५. वर्ग वाढत जातात तशी मुळेही त्याच क्रमाने वाढतात आणि एकही मूळ वगळले जात नाही. वर्ग एकमेकांपासून दूर दूर जातात, मुळे मात्र एकाला एक लागून असतात. म्हणून वर्ग किती हे शोधायचे असेल तर मुळे किती एवढेच मोजावे.

१ पासून ५० पर्यंत पूर्ण वर्ग किती? ५० चे वर्गमूळ ७.०७ आहे. याचा अर्थ ७ चा वर्ग ५० च्या आत मावतो आणि ८ चा मावत नाही. म्हणजे १ ते ७ अशी सात मुळे, म्हणून सात पूर्ण वर्ग. दशांश चिन्हाच्या पुढचे ०.०७ आपण सरळ टाकून दिले.

आता ५० ऐवजी ६३ घ्या. √६३ म्हणजे ७.९४. इथे हात आपोआप ८ लिहायला जातो, कारण ‘पाच किंवा जास्त असेल तर पुढचा अंक’ हे आपण चौथीपासून घोकले आहे. पण ८ चा वर्ग ६४, आणि ६४ हा ६३ च्या बाहेर आहे. मूळ ८ च्या कितीही जवळ गेले तरी ८ ला पोहोचले नाही तर आठवा वर्ग आत आलेला नसतो. ७.०७ असो की ७.९४, उत्तर सातच. इथे जवळचा पूर्णांक घ्यायचा नाही, खालचाच घ्यायचा. मी मुलांना ‘शेपूट छाटा’ असे सांगतो. गणितात यासाठी खालच्या बाजूला आडवी रेघ असलेला कंस वापरतात:

⌊√N⌋ = १ पासून N पर्यंतच्या पूर्ण वर्गांची संख्या

## दोन टोके आणि एक वजाबाकी

मोजायला १ पासून सुरुवात करायची नसून मधूनच करायची असेल, तर जे नको आहेत ते वजा करायचे. पुस्तकाचे पान ३५ पासून पान ५० पर्यंत वाचले तर किती पाने झाली? ५० मधून ३५ वजा करून १५ म्हणणारा चुकतो, कारण ३५ वे पानही वाचलेले आहे. वाचली नाहीत ती पाने ३४, म्हणून ५० − ३४ = १६. वर्गांचेही असेच आहे. खालच्या टोकाची संख्या मोजणीत धरायची असेल, तर तिच्या एक आधीच्या संख्येपर्यंतचे वर्ग वजा करायचे.

a पासून b पर्यंत, दोन्ही धरून: ⌊√b⌋ − ⌊√(a−1)⌋

पाच अंकी प्रश्नात पहिली संख्या १०,००० आणि शेवटची ९९,९९९. √९९९९९ म्हणजे ३१६.२, छाटून ३१६. खालच्या टोकाला १०,००० ऐवजी ९,९९९ घ्यायचे, त्याचे मूळ ९९.९९५, छाटून ९९. ३१६ − ९९ = २१७. दुसऱ्या टोळक्याने √१०००० = १०० घेऊन ते वजा केले. त्यामुळे १०० चा वर्ग, म्हणजे खुद्द १०,०००, मोजणीतून निसटला. तो तर पाच अंकी आहेच.

याच वाटेने तीन अंकी पूर्ण वर्ग काढा: √९९९ छाटून ३१, √९९ छाटून ९, म्हणून २२. चार अंकी: ९९ − ३१ = ६८. इथे √९९९ पुन्हा काढावे लागले नाही. तीन अंकींचे वरचे टोक हेच चार अंकींच्या खालचे टोक. अंकसंख्येवरचे दोन प्रश्न एकामागून एक आले की हा फायदा हटकून मिळतो.

## चुकीची पद्धत बरोबर उत्तर देते तेव्हा

५०० ते ५००० मध्ये किती पूर्ण वर्ग? √५००० = ७०.७१, छाटून ७०. √४९९ = २२.३४, छाटून २२. उत्तर ४८. पडताळायचे असेल तर २३ चा वर्ग ५२९ आणि ७० चा ४९००. २३ ते ७० ही मुळे ४८ च आहेत. जवळचा पूर्णांक घेतला असता तर वर ७१ झाले असते आणि उत्तर ४९. पण ७१ चा वर्ग ५०४१, म्हणजे हद्दीबाहेर.

आता खालचे टोक ६२० करा. √६१९ = २४.८८. बरोबर पद्धतीने २४ आणि उत्तर ७० − २४ = ४६. जवळचा पूर्णांक घेणारा मुलगा काय करील? वर ७१, खाली २५, आणि उत्तर ७१ − २५ = ४६! त्याने वर नसलेला एक वर्ग धरला, खाली असलेला एक वर्ग (२५ चा, ६२५) गमावला आणि दोन चुकांनी एकमेकींना गिळून टाकले. उत्तर जुळल्यामुळे त्याला वाटते, आपली पद्धत बरोबर आहे. परीक्षेत पुढच्या वेळी फक्त एका टोकाचे शेपूट अर्ध्याहून मोठे असते आणि एक गुण जातो. म्हणून या गणितात उत्तर तपासून भागत नाही, पहिले आणि शेवटचे मूळ कोणते धरले ते विचारावे लागते. त्या मुलाला विचारले तर तो ‘२६ ते ७१’ म्हणेल, आणि तिथे चूक उघडी पडेल.

खालच्या टोकालाही खालीच का छाटायचे, हा प्रश्न चांगल्या मुलांना पडतो. ६२० च्या पुढचा पहिला वर्ग २५ चा आहे, मग २४.८८ वरून वर जाऊन २५ का घ्यायचे नाही? घेता येते, फक्त मग हिशेब वेगळा होतो. ‘पहिले आत आलेले मूळ २५, शेवटचे ७०’ असे धरले तर ७० − २५ + १ = ४६. हीदेखील बरोबर पद्धत आहे. तीत a चेच मूळ घेऊन वर चढवायचे आणि शेवटी एक मिळवायचा. घोळ तेव्हा होतो जेव्हा एका पद्धतीतले वर चढवणे आणि दुसऱ्या पद्धतीतली नुसती वजाबाकी एकत्र येते. मी वर्गात दोन्हीकडे छाटण्याचीच पद्धत शिकवतो. नियम एकच राहतो आणि ‘+ १’ विसरण्याची भीती नसते.

आणखी एक चूक आळसातून होते. आधी वजाबाकी, मग छाटणी. ७०.७१ − २४.८८ = ४५.८३, शेपूट छाटून ४५. चुकले. छाटणी दोन्ही मुळांची स्वतंत्रपणे आणि वजाबाकीच्या आधीच व्हायला हवी. पण न छाटलेल्या मुळांची ही वजाबाकी वाया जात नाही, पडताळणीला कामी येते. बरोबर उत्तर तिच्यापासून एकाहून कमीच अंतरावर असते. ४५.८३ आले तर उत्तर ४५ किंवा ४६, तिसरे काही नाही. ४७ आले असेल तर कुठेतरी नक्की हुकले आहे.

## प्रश्नातले शब्द नीट वाचा

‘१४४ आणि ४०० यांच्या दरम्यान किती पूर्ण वर्ग आहेत?’ या वाक्यात टोके धरायची की नाहीत? दोन्ही टोके स्वतःच पूर्ण वर्ग आहेत, म्हणून उत्तर दोनाने बदलते. ‘दरम्यान’, ‘मध्ये’, ‘यांच्यामधील’ असे असेल तर साधारणपणे टोके सोडायची असतात. ‘पासून… पर्यंत’ असेल तर धरायची. ‘पेक्षा मोठ्या’, ‘पेक्षा लहान’ यांत टोक बाहेर असते आणि ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’ यांत आत. प्रश्न काढणाऱ्यांनाही हे भान नेहमी असतेच असे नाही. पर्यायांत ७ आणि ९ दोन्ही दिसले की समजावे, इथेच परीक्षा आहे.

यासाठी चार वेगळी सूत्रे पाठ करायची गरज नाही. सूत्र तेच ठेवा, फक्त त्याआधी स्वतःला विचारा: आत येणारी पहिली पूर्ण संख्या कोणती, आणि शेवटची कोणती? टोके सोडली तर पहिली १४५ आणि शेवटची ३९९. √३९९ = १९.९७, छाटून १९. १४५ च्या आधीची संख्या १४४, तिचे मूळ १२. १९ − १२ = ७. टोके धरली तर पहिली १४४, शेवटची ४००. २० − ⌊√१४३⌋ = २० − ११ = ९.

टोक पूर्ण वर्ग नसेल तर या काळजीचे कारण उरत नाही. ५०० धरा किंवा सोडा, उत्तर ४८ च राहते. म्हणून प्रश्न हातात आला की पहिल्यांदा टोकांकडे बघावे. दोन्हीही पूर्ण वर्ग नसतील तर शब्दांवर वेळ घालवू नये.

## कॅल्क्युलेटर नसेल तेव्हा

आपल्याला मुळाचे दशांश हवेच नसतात, म्हणून हातानेही काम अवघड जात नाही. चार अंकांपर्यंत तर ३० पर्यंतचे वर्ग पाठ असले आणि ४०, ५०, ६० चे वर्ग डोळ्यांपुढे आणता आले की पुरते. ५००० साठी ७० चा वर्ग ४९०० आणि ७१ चा त्यात ७० आणि ७१ मिळवून ५०४१. एका वर्गावरून पुढच्यावर जायला दोन्ही मुळांची बेरीज मिळवायची, एवढे पुरे.

पाच-सहा अंकी संख्येसाठी शाळेतली भागाकार पद्धत घ्या. तिच्यात छाटणी आयतीच होते, कारण दशांशाच्या पुढे न जाता थांबले की जे हाती येते तोच खालचा पूर्णांक. १२,३४५ पासून ९८,७६५ पर्यंतचे वर्ग मोजून पाहू.

९८७६५ च्या उजवीकडून जोड्या पाडा: ९ | ८७ | ६५. संख्येतली स्थाने एक सोडून एक ‘वर्ग’ आणि ‘अवर्ग’ अशी वाटून मूळ काढण्याची रीत आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये सांगितली. आपल्या जोड्या त्याच रीतीतल्या. पहिला गट ९, त्याचे मूळ ३, बाकी शून्य. पुढची जोडी ८७ खाली घ्या. मिळालेल्या मुळाची दुप्पट ६, तिच्यापुढे असा अंक लिहायचा की त्याच अंकाने गुणून ८७ च्या आत राहू: ६१ × १ = ६१. बाकी २६. पुढची जोडी ६५ घेऊन २६६५. आता मूळ ३१, दुप्पट ६२. ६२४ × ४ = २४९६ चालते, ६२५ × ५ = ३१२५ चालत नाही. मूळ ३१४, बाकी १६९. इथे थांबा.

बाकीकडे दुर्लक्ष करू नका, ती दोन गोष्टी सांगते. शून्य असती तर संख्या स्वतः पूर्ण वर्ग असती आणि टोकाचा प्रश्न उभा राहिला असता. दुसरे, बाकी मुळाच्या दुपटीहून जास्त कधीच असू शकत नाही. ३१४ ची दुप्पट ६२८, आणि १६९ तिच्या आत आहे, म्हणजे मूळ लहान धरले गेलेले नाही. ६२९ किंवा त्याहून जास्त बाकी उरली असती तर ३१५ चाही वर्ग आत मावला असता. भागाकारात मध्येच एखादा अंक कमी घेतला गेला की चूक इथेच पकडली जाते.

खालच्या टोकाला १२,३४४ घ्यायचे. जोड्या १ | २३ | ४४. पहिले मूळ १, बाकी ०. २३ घेऊन २१ × १ = २१, बाकी २. ४४ घेऊन २४४, दुप्पट २२, २२१ × १ = २२१, बाकी २३. मूळ १११. बाकी शून्य नाही आणि २२२ च्या आत आहे. उत्तर ३१४ − १११ = २०३. पहिला वर्ग ११२ चा, म्हणजे १२,५४४. शेवटचा ३१४ चा, ९८,५९६. दोन्ही हद्दीत बसतात.

## वर्गांवर अट असेल तर

‘५०० ते ५००० मध्ये १२ ने भाग जाणारे पूर्ण वर्ग किती?’ असे विचारले की अनेक जण ४८ ला १२ ने भागून ४ म्हणतात. अट वर्गावर आहे, आपण मोजतो मुळे. म्हणून आधी अट मुळावर उतरवावी लागते. वर्गाला १२ ने, म्हणजे २ × २ × ३ ने भाग जायचा तर मुळाला २ ने आणि ३ ने जायला हवा, म्हणजे ६ ने. मुळाला १२ ने जाण्याची गरज नाही. आता २३ ते ७० मध्ये ६ च्या पटी मोजा: ७० ÷ ६ छाटून ११, २२ ÷ ६ छाटून ३, उत्तर ८. ती मुळे २४, ३०, ३६, ४२, ४८, ५४, ६०, ६६ ही आहेत. छाटणी आणि वजाबाकी इथेही तीच, फक्त एक पायरी खाली.

## संगणकावर करताना

स्प्रेडशीटमध्ये A2 ला लहान टोक आणि B2 ला मोठे टोक असेल तर सूत्र असे:

```
=INT(SQRT(B2))-INT(SQRT(A2-1))
```

`INT` च्या जागी `ROUND` लिहिले की वरची जवळच्या पूर्णांकाची चूक जशीच्या तशी परत येते. खाना एकच दशांश दाखवत असेल तर √९९९९ तुम्हाला १००.० दिसेल, पण `INT` दिसणाऱ्या आकड्यावर चालत नाही, आतल्या खऱ्या किमतीवर चालते आणि ९९ च देते. डोळ्यांवर विश्वास ठेवून पुढच्या खान्यात हाताने १०० लिहिणारा मात्र फसतो.

फार मोठ्या संख्यांना मात्र संगणकाचे साधे वर्गमूळही फसते. ४५०३५९९७६१५८८२२४ ही संख्या ६७१०८८६५ च्या वर्गापेक्षा बरोबर एकाने लहान आहे. तिचे खरे मूळ ६७१०८८६४.९९९९९९९९… असे आहे, म्हणजे छाटून ६७१०८८६४ यायला हवे. पण संगणक दशांश संख्या ठरावीक अचूकतेनेच साठवतो. इतकी बारीक तफावत त्यात मावत नाही आणि मूळ थेट ६७१०८८६५ होऊन बसते. छाटायला शेपूटच उरत नाही. पायथॉनमध्ये ३.८ या आवृत्तीपासून `isqrt` आहे. ते दशांशात न शिरता थेट खालचा पूर्णांक काढते, म्हणून कितीही मोठ्या संख्येला चालते:

```python
from math import isqrt

def squares(a, b):
    return isqrt(b) - isqrt(a - 1)

print(squares(10000, 99999))   # 217
print(squares(12345, 98765))   # 203
```

हे a किमान १ असेल तेव्हाच चालते. a ला ० दिले तर `isqrt(-1)` होते आणि प्रोग्रॅम त्रुटी देऊन थांबतो. ० हा स्वतः ० चा वर्ग आहे. म्हणून हद्द ० पासून किंवा ऋण संख्येपासून सुरू होत असेल, तर १ पासून b पर्यंतचे मोजून त्यात शून्यासाठी एक वेगळा मिळवायचा. शाळेच्या गणितात पूर्ण वर्ग बहुधा १ पासूनच धरतात. तिथे हा एक मिळवायचा नाही.